डार्क चॉकलेट घेताना वेष्टन उलटं करून वाचा

बाबांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी गोड जवळजवळ बंद केलं, पण जेवणानंतर डार्क चॉकलेटचा एक छोटा तुकडा चालेल, असं सांगितलं. त्याच महिन्यात आम्ही एका थंड हवेच्या ठिकाणी गेलो होतो. तिथल्या बाजारात ‘होममेड डार्क’ म्हणून मांडलेला पाव किलोचा डबा मी मुद्दाम त्यांच्यासाठी घेतला. दुकानदार म्हणाला, “ताई, प्युअर डार्क आहे, सत्तर टक्के.” घरी आल्यावर बाबांनी तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ घोळवला आणि म्हणाले, “चव चांगली आहे गं, पण टाळूला मेण लावल्यासारखं वाटतंय.”

मग मी डबा उलटा केला. तळाला किमतीच्या स्टिकरशेजारी बारीक अक्षरात घटक छापले होते. पहिला घटक साखर आणि दुसरा हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट. कोको तिसरा. सत्तर टक्के हा आकडा त्या डब्यावर कुठेच छापलेला नव्हता, तो फक्त बोलण्यात होता. ज्या माणसासाठी साखर मोजून घ्यायची होती, त्याला मी निम्मी साखर असलेली वस्तू आणून दिली होती, याचं मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी कुठलंही डार्क चॉकलेट मागची बाजू वाचल्याशिवाय घेत नाही. हे वाचन अवघड नाही. दोन-तीन गोष्टी एकदा नीट समजल्या की दुकानात उभ्या उभ्या अर्ध्या मिनिटात निकाल लागतो. त्या गोष्टी ज्या क्रमाने पाहायच्या, त्याच क्रमाने इथे सांगते.

आधी टक्का कशाचा, ते समजून घ्या

कोकोची बी आंबवून, वाळवून, भाजतात आणि तिचं टरफल काढतात. आतला गर दळला की त्याचा दाट, काळपट लगदा होतो, कारण त्या गरात निम्म्याहून थोडी अधिक चरबीच असते. शेंगदाणे मिक्सरमधून खूप वेळ फिरवले की ते स्वतःच्याच तेलात सुटतात, तसंच हे. या लगद्याला कोको मास म्हणतात. वेष्टनावर कधी ‘कोको लिकर’ही लिहिलेलं असतं. त्या नावामुळे काहीजण दचकतात, पण त्यात दारूचा थेंबही नसतो.

हा लगदा मोठ्या दाबाखाली पिळला की चरबी वेगळी होते. ती चरबी म्हणजे कोको बटर, आणि मागे उरलेल्या पेंडीची भुकटी म्हणजे कोको पावडर. तेलघाण्यावर तेल आणि पेंड वेगळी होते, तोच प्रकार.

वेष्टनावरचा टक्का म्हणजे या तिघांची मिळून बेरीज: कोको मास, वरून घातलेलं कोको बटर आणि असलीच तर कोको पावडर. थोडक्यात, त्या वडीतला बीपासून आलेला एकूण भाग. साध्या डार्क चॉकलेटमध्ये उरलेला भाग जवळजवळ सगळा साखरेचा असतो. घटक एकजीव ठेवणारा इमल्सिफायर आणि व्हॅनिला मिळून साधारण एक टक्काच होतात. म्हणून ७० टक्क्यांच्या १०० ग्रॅम वडीत सुमारे २९ ग्रॅम साखर, ५५ टक्क्यांच्या वडीत सुमारे ४४ ग्रॅम आणि ८५ टक्क्यांच्या वडीत जेमतेम १४-१५ ग्रॅम. साखरेचा अंदाज घ्यायचा तर १०० मधून टक्का वजा करायचा, इतकं ते सोपं आहे.

पण टक्का चवीबद्दल सगळं सांगत नाही. समजा, दोन वड्यांवर ७० टक्के लिहिलंय. एकीत ७० ग्रॅम निव्वळ कोको मास आहे. दुसरीत ५८ ग्रॅम मास आणि वरून घातलेलं १२ ग्रॅम कोको बटर आहे. कोको बटरला स्वतःचा कडवटपणा नसतो, त्यामुळे दुसरी वडी मऊ, सौम्य आणि पटकन विरघळणारी लागते, तर पहिली अंगावर येते. साखर दोन्हींत सारखीच. एका ब्रँडचं सत्तर आवडलं आणि दुसऱ्याचं अजिबात खाववलं नाही, असं झालं तर कारण बहुधा हे असतं. बी कुठली आणि ती किती भाजली, याचाही वाटा आहेच.

आणखी एक: रंगावर जाऊ नका. कोको पावडरवर अल्कलीची प्रक्रिया केली की ती गडद होते, जवळजवळ काळी, आणि तिचा आंबट-कडूपणा उतरतो. अशी पावडर घातलेलं २० टक्के कोकोचं कंपाऊंड, म्हणजे कोको बटरऐवजी स्वस्त वनस्पती चरबी घालून केलेली नक्कल, ७० टक्क्यांच्या खऱ्या चॉकलेटपेक्षा जास्त काळं दिसू शकतं. खरं चॉकलेट बहुतेकदा तांबूस तपकिरी असतं.

घटकांची यादी वाचताना एकच प्रश्न विचारा

प्रश्न असा: या वडीतली चरबी कुठून आली?

चॉकलेट आणि कंपाऊंड यांच्यातला फरक इथेच आहे. खऱ्या चॉकलेटमध्ये चरबी कोको बटरची असते. कंपाऊंडमध्ये कोको बटर काढून त्याच्या जागी स्वस्त वनस्पती चरबी घालतात. ती बहुधा पामच्या गाभ्याच्या तेलाची असते, हायड्रोजनेट करून घट्ट केलेली. चॉकलेटची चव यावी म्हणून त्यात कोको पावडर असते. कोको बटर हा चॉकलेटमधला महागडा भाग असल्यामुळे तो काढला की किंमत झपाट्याने उतरते. २०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतलं पीक बिघडलं आणि कोकोचा भाव टनाला १० हजार डॉलरच्या वर गेला. तेव्हा तर हा मोह आणखीच वाढला.

यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असते, म्हणजे जे सर्वांत जास्त ते पहिलं. माझ्यासमोर आत्ता दोन वेष्टनं आहेत. एक किराणा दुकानातून आणलेल्या ७० टक्क्यांच्या वडीचं. त्यावर क्रम असा आहे: कोको मास, साखर, कोको बटर, इमल्सिफायर ३२२. चारच गोष्टी, आणि चरबी म्हणावी असं जे काही आहे, ते सगळं बीतलंच.

दुसरं त्या पाव किलोच्या डब्याचं, ते मी जपून ठेवलंय. त्यावर लिहिलंय: साखर, हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट, कोको सॉलिड्स, इमल्सिफायर ३२२ आणि ४९२, मीठ, व्हॅनिलाचा कृत्रिम स्वाद. कोको बटर हा शब्द कुठेही नाही. हे कंपाऊंड आहे, पुढची कुठलीही परीक्षा न करता.

‘कोको सॉलिड्स’ या शब्दाशी जरा सावध राहा. आपल्याकडच्या वेष्टनांवर तो कधी मासला वापरतात, कधी पावडरला. त्यामुळे नुसते कोको सॉलिड्स दिसले म्हणून खूश होऊ नका आणि लगेच नाकारूही नका. त्याच्या शेजारी कोको बटर आहे की व्हेजिटेबल फॅट, तेवढं पाहा. छोट्या कारखान्यांच्या, बी आणण्यापासून वडीपर्यंत सगळं स्वतः करणाऱ्यांच्या वेष्टनावर कधी नुसतं ‘कोको बी, साखर’ असं लिहिलेलं असतं. तेही खरंच चॉकलेट. त्यात कोको बटर वेगळं घातलं नसेल, तरी बीतलं आहेच.

आता आकड्यांविषयी, कारण नवीन माणूस त्यांनाच घाबरतो. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुतेकदा सोयाबीनचं. ते सगळीकडे असतं आणि त्यात वावगं काही नाही. ४७६ हा एरंडेलापासून बनवलेला पदार्थ. त्याने वितळलेलं चॉकलेट पातळ होऊन साच्यात नीट पसरतं आणि थोडं कोको बटर वाचतं. तो खऱ्या चॉकलेटमध्येही असतो, त्यामुळे त्यावरून काही ठरवू नका. ४९२ मात्र दिसला की थांबा. वनस्पती चरबीवर पांढरी बुरशीसारखी साय धरू नये म्हणून तो घालतात, आणि मला तो बहुतेक वेळा कंपाऊंडवरच दिसला आहे. तो पुरावा नव्हे, पण खूण चांगली आहे.

पुढच्या बाजूची भाषाही बोलते. कायद्याने ज्याला चॉकलेट म्हणता येत नाही, त्याला उत्पादक दुसरं काहीतरी नाव देतात: ‘चोको’, ‘चॉकलेटी’, ‘चॉकलेट फ्लेवर्ड’, ‘डार्क कंपाऊंड’. केकच्या सामानाच्या दुकानात मिळणाऱ्या अर्धा किलोच्या स्लॅबवर तर ‘कंपाऊंड’ असं सरळ छापलेलं असतं. तिथे कुणी फसवत नाही. गडबड पुढे होते, जेव्हा तोच स्लॅब कुणीतरी वितळवून साच्यात ओततं, चकचकीत कागदात गुंडाळतं आणि ‘होममेड डार्क चॉकलेट’ म्हणून विकतं. तोवर स्लॅबचं वेष्टन कचऱ्यात गेलेलं असतं.

मग बेरीज करून पाहा

यादीवरून शंका राहिलीच, किंवा टक्का खरा वाटत नसेल, तर पोषणमूल्यांचा तक्ता काढा. त्यातल्या दोनच ओळी हव्यात: १०० ग्रॅममधली अ‍ॅडेड शुगर आणि एकूण फॅट.

किराणा दुकानातल्या वडीवर टक्का ७०, अ‍ॅडेड शुगर २९ ग्रॅम, फॅट ४२ ग्रॅम. पहिली बेरीज: ७० अधिक २९ म्हणजे ९९. उरलेला एक टक्का लेसिथिनचा. जमलं. दुसरा ताळा फॅटचा: कोको मास निम्मा चरबीचा असतो, म्हणून ७० टक्क्यांच्या वडीत किमान ३५ ग्रॅम फॅट असायलाच हवं. वर थोडं कोको बटर घातलेलं असल्याने ४२ योग्यच आहे. एखाद्या वडीवर ७० टक्के आहे पण फॅट २५ ग्रॅमच दिसतंय, तर त्यात बरीचशी कोको पावडर भरली आहे असं समजा. ती कोरडी, पिठूळ लागेल.

आता त्या डब्याचा तक्ता. अ‍ॅडेड शुगर ४९ ग्रॅम, फॅट ३१ ग्रॅम. ४९ आणि ३१ मिळून ८०. उरले २०. कोको पावडरची स्वतःची थोडी चरबी त्या ३१ मध्ये मोजली गेली आहे, ती दोन-तीन ग्रॅम धरा. म्हणजे कोको ओढूनताणून २२-२३ टक्के. दुकानदाराचे सत्तर टक्के यात कुठल्याही हिशोबाने बसत नाहीत. नुसत्या साखरेकडे पाहिलं तरी उत्तर मिळतं: १०० ग्रॅममध्ये ४९ ग्रॅम साखर असेल, तर कोको आणि बाकी सगळं मिळून ५१ ग्रॅमच्या वर जाऊच शकत नाही.

बाबांच्या दृष्टीने याचा अर्थ असा. खऱ्या ७० टक्क्यांच्या वडीच्या २० ग्रॅम तुकड्यात सहा ग्रॅमच्या आत साखर, म्हणजे चहाचा दीड चमचा. त्या डब्यातल्या तेवढ्याच तुकड्यात जवळजवळ दहा ग्रॅम. कॅलरी मात्र दोन्हींत फारशा वेगळ्या नाहीत, कारण चरबी दोन्हीकडे भरपूर आहे. टक्का वाढला म्हणून वडी हलकी होत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना देताना लक्षात ठेवा.

या हिशोबाला मर्यादाही आहेत. बदाम, मनुका, संत्र्याची साल घातलेल्या वडीत टक्का साधारणपणे चॉकलेटच्या भागापुरता असतो, त्यामुळे बेरीज शंभराला पोचत नाही. काही डार्क वड्यांमध्ये दुधाची पावडर किंवा बटर ऑइल असतं. तेव्हाही ताळा जुळत नाही, आणि ज्यांना दूध चालत नाही त्यांनी ही ओळ जरूर पाहावी. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या वडीत साखरेच्या जागी बहुधा माल्टिटॉल असतं. ते साखरेच्या ओळीत न येता वेगळ्या ओळीत येतं, आणि जास्त खाल्लं की पोट बिघडतं.

पाच टक्क्यांची सूट आणि आपलं कोकम

कधीकधी यादीत कोको बटर असतं आणि व्हेजिटेबल फॅटही असतं. मग ते खोटं का? नाही, लगेच तसं म्हणू नका. भारतातल्या नियमांप्रमाणे चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज दुसरी वनस्पती चरबी तयार मालाच्या ५ टक्क्यांपर्यंत चालते, आणि ती घातली असेल तर वेष्टनावर ठळकपणे तसं लिहावं लागतं. युरोपात २००० सालच्या निर्देशानुसार हीच मर्यादा आहे. तिथे त्यासाठी सहाच चरबींची यादी आहे, आणि त्या सहांत आपल्या कोकमाच्या बीची चरबी आहे, आंब्याच्या कोयीतली आहे आणि साल वृक्षाच्या बीतलीही आहे. कोकणात कोकमतेल किंवा भिरंडेल म्हणून जो पांढरट गोळा पायाच्या भेगांना लावतात, तोच हा. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

या सहांची निवड उगाच झालेली नाही. या चरबींची ठेवण कोको बटरच्या जवळची आहे, त्यामुळे त्या त्यात मिसळून जातात. पामच्या गाभ्याची हायड्रोजनेटेड चरबी तशी मिसळत नाही. म्हणूनच घरी केक करताना उरलेलं खरं चॉकलेट आणि कंपाऊंड एकत्र वितळवू नका. ते मिश्रण मऊ पडतं आणि काही दिवसांत वर पांढरं होतं. अशा कंपाऊंडला ओल लागून ते जुनं झालं, तर साबणासारखी चव येते, तीही याच चरबीमुळे.

मग दोन्ही असतील तर ठरवायचं कसं? क्रम पाहा. कोको मास आणि कोको बटर वर असून व्हेजिटेबल फॅट शेवटच्या टोकाला असेल, तर ती सूट घेतलेली वडी आहे. व्हेजिटेबल फॅट कोकोच्या आधी येत असेल, तर समोर काहीही छापलेलं असू द्या, ते ठेवून द्या. मी स्वतः सूट घेतलेली वडीही टाळते, पण हा माझ्या आवडीचा भाग झाला.

घरी करून बघण्याची एक परीक्षा

तुकडा मोडल्यावर टक् असा आवाज आला की खरं चॉकलेट, असं सर्रास सांगतात. त्यावर विसंबू नका. चांगलं कंपाऊंडही टक् मोडतं आणि चकाकी तर त्याचीच जास्त असते. आवाजावरून फार तर चॉकलेट नीट जमवलेलं आणि नीट ठेवलेलं आहे, एवढं कळतं.

जिभेची परीक्षा बरी. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेच्या जरासं खाली. तुकडा न चावता जिभेवर ठेवला की कडा आधी सैल होतात, मग सगळा तुकडा एकदम पातळ होतो आणि गिळल्यावर तोंड स्वच्छ राहतं. कंपाऊंडची चरबी तोंडात पूर्ण सुटत नाही. टाळूला आणि दातांच्या मागे तिचा थर राहतो. बाबा मेण म्हणाले ते हेच. तुकडा फ्रिजमधून काढल्या काढल्या मात्र ही परीक्षा करू नका, थंड तुकडा काहीच सांगत नाही.

शंका उरलीच तर वितळवून बघा. २० ग्रॅम चॉकलेट वाटीत घ्या आणि वाटी गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवा. पाणी उकळतं नको, आणि वाटीत वाफेचा थेंबही जाऊ देऊ नका, नाहीतर चॉकलेट आळून त्याचा गोळा होतो. पूर्ण वितळलं की ढवळून ते अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर चमच्याने पातळ पसरा आणि दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. मग बाहेर काढून दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच राहू द्या.

कंपाऊंड काही मिनिटांतच घट्ट होतं, फॉइलपासून सुटतं, चकाकतं आणि दुसऱ्या दिवशीही जवळजवळ तसंच दिसतं. खरं चॉकलेट बाहेर काढल्यावर मऊ पडतं, बोटाला लागतं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर करड्या रेघा, डाग उमटतात. चॉकलेट चांगलं असण्याची खूण इथे उलटी आहे. कारण कोको बटर अनेक प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतं आणि त्यांतला एकच प्रकार चकचकीत, कडक असतो. तो मिळवण्यासाठी चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेऊन ढवळावं लागतं, त्याला टेम्परिंग म्हणतात. आपण ते केलं नाही, म्हणून डाग पडले. कंपाऊंडला टेम्परिंग लागतच नाही. घरगुती धंद्यात ते इतकं चालतं, त्याचं किमतीइतकंच मोठं कारण हेही आहे. ही परीक्षा हिवाळ्यात करा. पुण्या-नागपूरच्या मे महिन्यात खोलीतच तापमान इतकं असतं की खरं चॉकलेट गोठणारच नाही.

हेच डाग दुकानातून आणलेल्या वडीवरही दिसतात. उन्हात गाडीत राहिलेली वडी वितळून पुन्हा गोठली की वर पांढरट पापुद्रा येतो. तो बुरशीचा नसतो. बोट घासलं की तो पुसला जातो आणि बोट किंचित तेलकट होतं. चव, पोत बिघडलेले असतात, पण खाण्यात धोका नाही, आणि केकमध्ये वितळवायला ती वडी चालते. उलट, मे महिन्यात एसी नसलेल्या टपरीवर दिवसभर उघड्यावर मांडलेल्या ‘डार्क’ वड्या कडक आणि चकचकीत दिसत असतील, तर त्या एकदा उलटून नक्की वाचा.

पहिली वडी कितीची घ्यावी

आजवर दुधाचं चॉकलेट खात आला असाल, तर थेट ८५ वर जाऊ नका. ती वडी कपाटात पडून राहते, हे मी किती घरांत पाहिलंय. ५०-५५ पासून सुरुवात करा. त्यात साखर निम्म्याच्या आसपास आहे, पण कोकोची चव ओळखू येते. दोन-तीन आठवड्यांनी ६०-६५ घ्या, मग ७०. सत्तरपाशी बहुतेकांना आपलं ठिकाण सापडतं. त्यात आंबटपणा, कडूपणा आणि गोडी तिन्ही वेगवेगळे कळतात. त्यापुढे जायचं ते साखर कमी करायची असेल तर, किंवा चव खरोखर आवडली तर.

५५ ते ७० हा प्रवास एकाच ब्रँडच्या वड्यांवर केलात तर फरक टक्क्याचा आहे की भाजणीचा, हे गोंधळणार नाही. खाण्याआधी अर्धा तास वडी फ्रिजबाहेर ठेवा. कॉफी किंवा फोडणीच्या जेवणानंतर लगेच नको, पाण्याने तोंड धुऊन घ्या.

केकसाठी घेत असाल तर एक लक्षात असू द्या. चॉकलेट आणि क्रीमच्या गनाशची कृती ५५ टक्क्यांसाठी लिहिलेली असेल आणि तुम्ही ७० वापरलं, तर ते घट्ट होऊन फाटतं, कारण कोकोचा कोरडा भाग वाढलेला असतो. मी अशा वेळी क्रीम थोडं वाढवते आणि चमचाभर साखर जास्त घालते. आणि कंपाऊंडची कृती असेल, तर तिथे खरं चॉकलेट घालून तशीच चकाकी मिळेल असं धरून चालू नका. केकवर नुसतं ओतायचं किंवा मुलांच्या वाढदिवसाला साच्यात घालायचं असेल, तर कंपाऊंड वापरण्यात काही गैर नाही. त्याचं नाव लपवू नये, एवढंच.

सुटं चॉकलेट घेताना

सगळ्यात अवघड जागा हीच, कारण तिथे वाचायला वेष्टन नसतं. थंड हवेच्या ठिकाणची दुकानं, दिवाळीतले गिफ्ट बॉक्स, सोसायटीतल्या ओळखीच्या ताईंकडचे घरगुती चॉकलेट. इथे “हे खरं आहे का?” असं विचारून उपयोग नाही. उत्तर “हो” असंच येतं, आणि अनेकदा विकणाऱ्याला स्वतःलाही माहीत नसतं. प्रश्न असा विचारा: “ज्या स्लॅबपासून केलं, त्याचं पाकीट दाखवता का?” किंवा “टेम्परिंग करता का?” खऱ्या चॉकलेटचं काम करणारा माणूस या प्रश्नाने खुलतो आणि कुठल्या तापमानाला काय होतं ते सांगायला लागतो. कंपाऊंड वापरणारा प्रामाणिक माणूस “नाही, डबल बॉयलरवर वितळवतो आणि साच्यात घालतो” असं सांगतो, तेवढ्यावरून कळतं.

किमतीवरूनही अंदाज येतो. आधी किराणा दुकानात ५५ किंवा ७० टक्क्यांच्या साध्या वडीचा १०० ग्रॅमचा भाव पाहून ठेवा. हाताने केलेलं, बदाम घातलेलं, कागदात गुंडाळलेलं चॉकलेट त्याहून बरंच स्वस्त मिळत असेल, तर त्यात बहुधा कोको बटर नाही.

यंदा आम्ही पुन्हा त्याच गावी गेलो. वेगळ्या दुकानात शिरले आणि पाकीट दाखवायला सांगितलं. दुकानातल्या मुलाने आत जाऊन रिकामी पिशवी आणली, तिच्यावर ‘डार्क कंपाऊंड’ असं लिहिलं होतं. तो म्हणाला, “काकू, वरच्या फळीवर बंद वड्या आहेत, त्या खऱ्या.” मी वडी घेतली, उलटली. कोको मास, साखर, कोको बटर, लेसिथिन. साखर ३० ग्रॅम. ती बाबांसाठी घेतली, आणि कंपाऊंडच्या बदाम-गोळ्या मुलांसाठी, त्यांच्या खऱ्या नावाने.